शोधनिबंधाची दोन पानी धोरण-टिपणी : विंचूदंशावरील एका संशोधनाचे उदाहरण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांत विंचूदंश ही नवलाची घटना नाही. भाताची कापणी आणि झोडणी, पेंढ्याची रचाई, पावसाळ्यापूर्वीची घराची डागडुजी, सरपणाची मोळी उचलणे, या साऱ्या कामांत हातपाय नेमके तेथेच पडतात जेथे विंचू दडलेला असतो. बहुतेक दंश वेदना देऊन शमतात. परंतु लाल विंचवाच्या दंशानंतर काही रुग्णांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, हृदयावर व फुप्फुसांवर परिणाम होऊन जीव धोक्यात येतो. अशा रुग्णाला कोणत्या रुग्णालयात कोणते औषध मिळावे, हा प्रश्न जितका वैद्यकशास्त्राचा आहे तितकाच प्रशासनाचाही आहे.

या प्रश्नाला उपयोगी पडणारे संशोधन कोकणातच झालेले आहे. तथापि शोधनिबंध इतर संशोधकांसाठी लिहिलेला असतो. पूर्वपीठिका, पद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि शेवटी निष्कर्ष असा त्याचा क्रम असतो. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा लोकप्रतिनिधीला हवा असतो तो याच्या जवळजवळ उलटा क्रम : काय करावयाचे, का करावयाचे, किती खर्च येईल, आणि न केल्यास काय होईल. हा क्रमबदल घडवून आणणारे लेखन म्हणजे धोरण-टिपणी. निबंधाचा सारांश आणि टिपणी या एक गोष्टी नव्हेत. सारांशात निबंध लहान होतो. टिपणीत निबंधाचा प्रश्न बाजूला ठेवून अधिकाऱ्याच्या प्रश्नाला निबंधातून उत्तर शोधले जाते. हे काम कसे करावे ते येथे एका प्रत्यक्ष निबंधावरून पाहू.

निबंध कोणता?

रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर अनेक दशके संशोधन केले. या विषामुळे शरीरातील स्वयंचलित मज्जासंस्था एकाएकी उत्तेजित होते. अंगाला दरदरून घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचू शकते. रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध या अवस्थेत उपयोगी पडते, हे या दांपत्याने १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. त्यापूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

येथे उदाहरणादाखल घेतलेला निबंध २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, दिले तर एकट्या प्राझोसिनपेक्षा अधिक लाभ होतो काय, असा त्याचा प्रश्न होता. महाडच्या रुग्णालयातील ७० रुग्णांची ३५-३५ अशी दोन गटांत निवड करण्यात आली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. एका गटाला दोन्ही औषधे मिळाली, दुसऱ्याला फक्त प्राझोसिन.

निष्पत्ती स्पष्ट होती. दहा तासांच्या अखेरीस दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे पूर्णपणे गेली होती; केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्णांचीच गेली होती. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, तर दुसऱ्यात १७.७ तास होता.

पहिली पायरी : टिपणी कोणाच्या टेबलावर जाणार?

लेखणी उचलण्यापूर्वी ठरवावयाची गोष्ट म्हणजे निर्णय कोणाच्या हाती आहे. येथेच पुष्कळ टिपण्या फसतात. ‘आरोग्य विभागाने विचार करावा’ असे लिहिलेल्या टिपणीचा विचार कोणीच करीत नाही, कारण ‘आरोग्य विभाग’ नावाची एक व्यक्ती नसते.

जिल्ह्यातील रचना पाहिली तर हे ध्यानी येईल. डोळखांब, किन्हवली किंवा धसईसारख्या गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली येतात. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे शासकीय रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. विंचू चावलेला रुग्ण या दोन्ही यंत्रणांतून जातो : प्रथम केंद्रात आणि तेथून तालुक्याच्या रुग्णालयात. प्राझोसिन केंद्रात आणि प्रतिविष रुग्णालयात ठेवावयाचे असेल, तर दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी दोन वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतील. टिपणीत प्रत्येकाकडून काय अपेक्षित आहे ते स्वतंत्रपणे लिहिलेले नसेल, तर प्रत्येक जण ती दुसऱ्याकडे पाठवील.

यावरून टिपणीचा प्रश्न एका वाक्यात लिहिता येतो : ‘शहापूर व मुरबाड तालुक्यांत विंचवाचे प्रतिविष कोणत्या स्तरावरील रुग्णालयांत ठेवावे?’ निबंधाचा प्रश्न हा नव्हता. प्रतिविषाचा लाभ होतो काय, एवढेच निबंधाने विचारले होते. या दोन प्रश्नांमधील अंतर टिपणी लिहिणाऱ्याने स्थानिक माहितीने भरून काढावयाचे असते.

दुसरी पायरी : निबंध कोठून वाचावा?

निबंधाच्या आरंभीचा गोषवारा वाचून टिपणी लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. गोषवाऱ्याचे अखेरचे वाक्य लेखकांना सर्वांत महत्त्वाचे वाटलेले सांगते. अधिकाऱ्याला अडचणीत आणणारी वाक्ये मात्र मध्यभागी असतात. तेव्हा चार गोष्टी हुडकून कागदावर उतरवून घ्याव्यात : कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, काय बदलले आणि काय बदलले नाही.

महाडच्या अभ्यासात दुसऱ्या श्रेणीचे रुग्ण घेतले होते, म्हणजे ज्यांना घाम, लाळ, थंड हातपाय अशी सर्वांगीण लक्षणे होती, पण हृदय, श्वसन किंवा मेंदूचा बिघाड झालेला नव्हता असे. फुप्फुसांत पाणी साचलेल्या अवस्थेत उशिरा आलेल्या रुग्णाबद्दल हा निबंध काही सांगत नाही. दुर्गम पाड्यावरून रात्री निघून पहाटे पोहोचलेला रुग्ण कदाचित नेमका याच वर्गातला असेल. ही मर्यादा टिपणीत आली नाही, तर तेथेही तोच लाभ होईल असा समज पसरेल.

काय बदलले हे वर आलेच आहे. काय बदलले नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. उपचार सुरू झाल्यावरही प्रकृती बिघडून वरच्या श्रेणीत गेलेले रुग्ण पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्यात ५ होते. हा फरक नगण्य आहे. याचा अर्थ प्रतिविषाने बिघाड टळत नाही असे सिद्ध झाले असाही नव्हे. ३५-३५ च्या गटांतून एवढ्या विरळ घटनेतील फरक दिसून येणे कठीणच असते. मृत्यूच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. प्राझोसिनमुळे मृत्यू शेकडा १ च्या आसपास आले असतील, तर ३५ रुग्णांत सरासरी एकाही मृत्यूची अपेक्षा धरता येत नाही. तेव्हा ‘प्रतिविषाने जीव वाचतात’ हे वाक्य या निबंधाच्या आधारावर लिहिता येणार नाही. ‘प्रतिविषाने रुग्ण लवकर बरे होतात’ हे लिहिता येईल. टिपणीची सारी प्रामाणिकता या दोन वाक्यांतील अंतरात आहे.

आणखी दोन नोंदी आवश्यक आहेत. कोणत्या रुग्णाला काय दिले हे डॉक्टरांना व रुग्णांना ठाऊक होते. लक्षणे गेली की नाही हे ठरविताना घाम आणि हातापायांचा थंडपणा यांसारख्या डोळ्यांनी व स्पर्शाने जोखावयाच्या गोष्टी होत्या. अशा वेळी नकळत कल एका बाजूला झुकू शकतो. दुसरे असे की, प्रतिविष मिळालेल्या एका रुग्णाला तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया आली होती. महाडमध्ये ती हाताळणारे अनुभवी डॉक्टर शेजारी होते. प्रत्येक केंद्रात तसे असतीलच असे नाही.

एकाच निबंधावर विसंबणेही योग्य नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील डेरवण येथील रुग्णालयातून २०१० साली प्रतिविषावरील अभ्यास प्रसिद्ध झाला, तर पुदुच्चेरी येथे लहान मुलांवर झालेला अभ्यास २०१४ साली. दोन्हींचा रोख प्रतिविषाच्या बाजूने आहे. टिपणीत यासाठी एक वाक्य पुरे. पण ते हवेच, कारण ‘हे एकाच डॉक्टरांचे म्हणणे आहे काय?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो.

तिसरी पायरी : मुख्य संदेश

मुख्य संदेश तीनच असावेत आणि प्रत्येक संदेश एका वाक्याचा असावा. संदेश म्हणजे विषयाचे शीर्षक नव्हे. ‘विंचूदंशावरील उपचारांची परिणामकारकता’ हे शीर्षक झाले. त्यातून काहीच कळत नाही. वाक्यात क्रियापद हवे, आकडा हवा आणि तो आकडा माणसांत मोजता आला पाहिजे.

आकडा कसा मांडावा याचे उदाहरण घेऊ. शेकडा ९१.४ आणि शेकडा २२.९ हे निबंधातील आकडे बरोबर आहेत. पण केवळ ७० रुग्णांच्या अभ्यासाला दशांश चिन्हाने नसलेली अचूकता चिकटते. ‘चौपट परिणामकारक’ असे लिहिले तर वाचणारा हुरळून जाईल, आणि कशाच्या चौपट हे विसरेल. त्यापेक्षा ‘३५ पैकी ३२ विरुद्ध ३५ पैकी ८’ हे जसेच्या तसे द्यावे आणि पुढे म्हणावे : ‘म्हणजे दर १० रुग्णांमागे सुमारे ७ जण अधिक, दहा तासांच्या आत लक्षणमुक्त झाले.’ येथे अभ्यास किती लहान होता हेही आपोआप सांगितले जाते.

तिसऱ्या संदेशात मर्यादा यावी. मर्यादा शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत ढकलण्याची प्रथा घातक आहे. दोन पानांपैकी पहिलेच पान वाचले जाण्याची शक्यता अधिक. जी गोष्ट निर्णय बदलू शकते ती पहिल्या पानावरच असली पाहिजे.

चौथी पायरी : स्थानिक आकडे

निबंध महाडचा, निर्णय शहापूर-मुरबाडचा. लाल विंचू कोकणात आणि पठारावर दोन्हीकडे आढळतो, त्यामुळे औषधाचा गुण येथेही येईल असे मानण्यास आधार आहे. मात्र किती रुग्णांना ते लागेल हे महाडच्या निबंधातून कळणार नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण व आंतररुग्ण नोंदवह्या पाहाव्या लागतील. मागील ३ वर्षांच्या नोंदी घ्याव्यात, कारण एखाद्या वर्षाच्या पावसावरून किंवा एखाद्या केंद्रातील रिक्त पदावरून आकडा भरकटतो. गाव, महिना, दंशाची वेळ, केंद्रात पोहोचल्याची वेळ, सर्वांगीण लक्षणे होती की नाही, प्राझोसिन दिले काय, पुढे पाठविले काय आणि अखेरीस काय झाले, एवढे रकाने पुरेत.

येथे एक नेहमीची चूक होते. नोंदवहीत पुष्कळदा नुसते ‘विंचूदंश’ असे लिहिलेले असते. या साऱ्या नोंदी मोजून प्रतिविषाची मागणी काढली तर ती कितीतरी पटींनी फुगते. समजा, एखाद्या तालुक्यात वर्षभरात २०० नोंदी सापडल्या आणि केसपेपर तपासता सर्वांगीण लक्षणे केवळ २० रुग्णांना होती असे दिसले, तर प्रतिविषाची गरज २० रुग्णांपुरती आहे, २०० रुग्णांपुरती नव्हे. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. पण या दोहोंतील गफलत खरोखर घडते, आणि मग मुदत संपलेल्या कुप्या भांडारात पडून राहतात. उलट बाजूही ध्यानी ठेवावी. केंद्रात न येता भगताकडे किंवा खासगी दवाखान्यात गेलेले रुग्ण या नोंदींत नसतात. म्हणून आकड्याच्या शेजारी ‘शासकीय नोंदींनुसार’ हे दोन शब्द लिहिण्यास विसरू नये.

नोंदींतील सर्वांत मोलाचा रकाना पोहोचण्याच्या वेळेचा आहे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. प्राझोसिन विषाने घडविलेल्या परिणामांना आवरते. म्हणून प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके बरे. रुग्ण तालुक्याच्या गावी एक-दोन तासांत पोहोचत असतील तर तेथील साठा पुरेल. पाच-सहा तास लागत असतील तर निर्णय वेगळा होईल. पर्यायांची निवड प्रामुख्याने याच रकान्यावर अवलंबून आहे.

पाचवी पायरी : पर्याय

टिपणीत पर्याय देताना दोन दोष आढळतात. एक म्हणजे एकच पर्याय खरा असतो आणि उरलेले दोन नाकारले जाण्यासाठीच लिहिलेले असतात. दुसरा म्हणजे प्रत्येक पर्याय निराळ्या मापाने मोजलेला असतो : पहिल्याचा खर्च सांगितलेला, दुसऱ्याचा लाभ, तिसऱ्याची अडचण. यावर उपाय सोपा आहे. लाभ, खर्च, लागणारी तयारी आणि धोका ही चारच मापे घ्यावीत आणि प्रत्येक पर्यायाला चारही लावावीत.

‘आहे तसेच चालू ठेवणे’ हाही एक पर्याय असतो आणि तो पहिल्या क्रमांकावर लिहावा. न बदलण्याचीही किंमत असते, ती त्यामुळे दिसते.

शिफारस करावी की करू नये, याविषयी मतभेद आहेत. आमच्या मते ती करावी. परंतु पुराव्याने सांगितलेले कोणते आणि लिहिणाऱ्याचा निष्कर्ष कोणता, हे वाचकाला वेगळे दिसले पाहिजे. ‘अभ्यासात असे आढळले’ आणि ‘यावरून असे सुचवावेसे वाटते’ हे दोन शब्दप्रयोग कधीही एकाच वाक्यात आणू नयेत.

नमुना

वरील पायऱ्यांनंतर तयार होणाऱ्या टिपणीचा आराखडा असा असेल. रिकाम्या जागा नोंदवह्यांवरून भरावयाच्या आहेत. अंदाजाने भरू नयेत.

पान पहिले

विषय : शहापूर व मुरबाड तालुक्यांत विंचवाचे प्रतिविष कोठे ठेवावे.

निर्णय कोणाचा : (अ) जिल्हा शल्यचिकित्सक – शहापूर व मुरबाड येथील रुग्णालयांतील साठा; (आ) जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद – प्राथमिक आरोग्य केंद्रांतील प्राझोसिन व रुग्ण पुढे पाठविण्याची पद्धत.

मुख्य संदेश :
१. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात. महाड येथील ७० रुग्णांच्या अभ्यासात (२०११) दहा तासांत ३५ पैकी ३२ रुग्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत ३५ पैकी ८.
२. बरे होण्याचा सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. म्हणजे रुग्णाला लागणारी देखरेख सरासरी ९ ते १० तासांनी कमी होण्याची शक्यता आहे.
३. प्रकृती अधिक बिघडणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही (४ विरुद्ध ५) आणि मृत्यू टळतात असे या अभ्यासाने दाखविलेले नाही. फुप्फुसांत पाणी साचलेले रुग्ण अभ्यासात नव्हते. म्हणून प्राझोसिनला प्रतिविष हा पर्याय नव्हे, जोड आहे.

स्थानिक स्थिती (शासकीय नोंदींनुसार, मागील ३ वर्षे) : सर्वांगीण लक्षणे असलेले रुग्ण – शहापूर ..., मुरबाड ...; दंशापासून केंद्रात पोहोचण्यास लागलेला वेळ ...; पुढे पाठविलेले ...; मृत्यू ...; आजचा साठा – प्राझोसिन ..., प्रतिविष ....

पान दुसरे

पर्याय १. आहे तशी व्यवस्था चालू ठेवणे. लाभ : नवा खर्च नाही. खर्च : लक्षणे असलेला प्रत्येक रुग्ण अधिक काळ खाटेवर अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या वाटेवर. तयारी : नाही. धोका : केंद्रागणिक उपचारांत फरक राहणे.

पर्याय २. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन. प्रतिविष फक्त शहापूर व मुरबाड येथील रुग्णालयांत. लाभ : पहिला उपचार गावाजवळ, दुसरा तालुक्यात. खर्च : दोन ठिकाणचा साठा, प्रति रुग्ण कुप्या व दरकरारातील किंमत.... तयारी : प्राझोसिन दिल्यावर रुग्णाला आडवे ठेवूनच १०८ रुग्णवाहिकेने पाठविणे, कारण पहिल्या मात्रेनंतर उठविल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, सोबत दंशाची व मात्रेची वेळ लिहिलेली चिठ्ठी. धोका : दूरच्या पाड्यांवरील रुग्णांना विलंब.

पर्याय ३. सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रतिविष. लाभ : वेळ सर्वांत कमी. खर्च : सर्व केंद्रांचा साठा, कमी रुग्ण असलेल्या केंद्रांत मुदतबाह्य कुप्यांचे नुकसान. तयारी : प्रतिक्रिया आल्यास ॲड्रेनॅलिन, प्राणवायू आणि चोवीस तास डॉक्टर. धोका : डॉक्टर हजर नसताना प्रतिक्रिया येणे.

सुचविलेला मार्ग : प्रथम पर्याय २, एक दंशहंगाम पाहून, जेथून तालुक्याला पोहोचण्यास अधिक वेळ लागतो अशा निवडक केंद्रांपुरता पर्याय ३.

अपेक्षित कार्यवाही : (अ) शल्यचिकित्सक – साठ्यास मान्यता, दिनांक ...; (आ) जिल्हा आरोग्य अधिकारी – केंद्रांना प्राझोसिन व पाठवणीच्या सूचना, दिनांक .... फेरआढावा : दिनांक ....

पाठविण्यापूर्वीची तपासणी

टिपणी तयार झाल्यावर तीन चाचण्या कराव्यात. पहिली आकड्यांची. टिपणीतील प्रत्येक आकड्यासमोर मूळ निबंधातील पान किंवा नोंदवहीचे नाव पेन्सिलीने लिहावे. ज्या आकड्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो खोडून टाकावा.

दुसरी चाचणी डॉक्टरांची. तालुक्यातील एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला टिपणी दाखवून एकच प्रश्न विचारावा : ‘यांतील कोणते वाक्य तुम्ही बैठकीत सर्वांसमोर म्हणणार नाही?’ बहुधा ते वाक्य म्हणजे निबंधाने जेवढे सांगितले त्याच्या पुढे गेलेले वाक्य असते.

तिसरी चाचणी वेळेची. विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला पहिले पान दोन मिनिटे वाचावयास द्यावे आणि कागद परत घेऊन विचारावे की, कोणी काय ठरवावयाचे आहे आणि काय सिद्ध झालेले नाही. पहिल्याचे उत्तर आले आणि दुसऱ्याचे आले नाही, तर टिपणी प्रचारपत्रकाकडे झुकली आहे. दुसऱ्याचे आले आणि पहिल्याचे आले नाही, तर तो अजून शोधनिबंधच आहे.

एवढे करूनही दोन पानांत सारे मावत नाही अशी तक्रार उरतेच. अशा वेळी अक्षर लहान करू नये आणि समासही अरुंद करू नयेत. निबंधातील सांख्यिकी पद्धती, विषाचे रसायन, संशोधनाचा इतिहास हे सारे मूळ निबंधात सुरक्षित आहे. निबंधाची प्रत टिपणीला जोडावी आणि हा मजकूर टिपणीतून काढावा. काढावयाचा नाही तो तिसरा मुख्य संदेश, वेळेचा रकाना आणि फेरआढाव्याचा दिनांक. हा दिनांक रिकामा राहिला तर दोन्ही तालुक्यांत ठेवलेल्या कुप्यांपैकी किती रुग्णांना मिळाल्या आणि किती मुदत संपून फेकल्या गेल्या, हे पुढच्या हंगामात कोणालाही सांगता येणार नाही.